दिवाळीचा डबा आणि अडकलेलं फायनल बिल: भेट कुठे संपते, लाच कुठे सुरू होते?

वैदर्भी

नमस्कार मंडळी. प्रश्न एका शाखा अभियंत्याचा आहे, पण आस्थापना शाखेत दर दिवाळीला तो कुठल्या ना कुठल्या रूपात येतो, म्हणून सविस्तर मांडते.

नागपूर शहरालगतच्या एका रस्ता-नाली कामाचं फायनल बिल व्हायचं आहे. नाली खोदताना कठीण खडक लागला. तो निविदेत नव्हता, म्हणून जादा बाब म्हणून दर मंजुरीला वर गेला आहे. त्या खडकाचं मोजमाप याच अभियंत्याने पुस्तिकेत नोंदवायचं आहे. धनत्रयोदशीला संध्याकाळी अभियंता साईटवर असताना ठेकेदाराचा माणूस रवीनगरच्या क्वार्टरवर येऊन डबा देऊन गेला. घरच्यांनी दिवाळीची मिठाई समजून घेतला. वर अर्धा किलो काजू-बदाम, खालच्या ट्रेमध्ये वीस ग्रॅमचं चांदीचं नाणं, सोबत फर्मचं शुभेच्छापत्र. काजूचं पाकीट फुटलं आहे, नाणं तसंच आहे.

कुणी काही मागितलं नव्हतं, बिलाचा शब्दही निघाला नाही. मग ही भेट की लाच? आणि आता नेमकं काय करायचं?

अजनीवाला

ताई, एवढं घाबरायचं कारण नाही. नियमात रकमेची मर्यादा दिली आहे. गट अ आणि ब साठी पाच हजार, गट क साठी दोन हजार. २०१९ ला वाढवली. त्याच्या आत असेल तर परवानगीही लागत नाही. नाण्याची आणि काजूची किंमत जोडून बघा, मर्यादेत बसत असेल तर विषय संपला. शिवाय मागणीच नाही तर लाच कशी होईल? सापळ्याच्या केसेस मागणी सिद्ध न झाल्यामुळेच सुटतात.

लेखाशीर्ष

अजनीवाले भाऊ, तुम्ही सांगितलेले आकडे बरोबर आहेत, पण ते केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतले आहेत. रेल्वेचे स्वतःचे नियमही त्याच धाटणीचे आहेत, तुम्ही रेल्वेतले म्हणून तुमच्या डोक्यात ते बसले असतील. हा अभियंता राज्य शासनाचा आहे. त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू, त्यातला भेटींचा नियम १२ वा. त्यातल्या रकमा वेगळ्या आहेत, केंद्राने वाढवल्या म्हणून इथल्या आपोआप वाढत नाहीत. चालू रक्कम आस्थापनेच्या फाइलमधल्या शासन निर्णयावरूनच घ्यायची, व्हॉट्सॲपवरून नाही.

आता त्याहून महत्त्वाचं. नियम १२ वाचताना लोक थेट रकमेवर उडी मारतात. नियमाची सुरुवात मात्र कर्मचाऱ्याने स्वतः, त्याच्या कुटुंबातल्या कुणी किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी भेट घेऊ नये, इथून होते. म्हणून "मी घरी नव्हतो, बायकोने घेतला" हे उत्तर त्या दिवशीच निकामी आहे. त्यानंतर सवलती येतात. जवळचे नातेवाईक वेगळे, ज्यांच्याशी कार्यालयीन संबंध नाही असे मित्र वेगळे, आणि बाकी सगळे वेगळे. ठेकेदार पहिल्या दोन्हींत बसत नाही. भेट म्हणजे फक्त वस्तू नव्हे, फुकटचा प्रवास, राहणं-जेवण, इतर सेवा हेही त्यात येतं. प्रसंगाने दिलेली लिफ्ट किंवा एखादं साधं जेवण नियमाने बाजूला ठेवलं आहे, पण ज्याच्याशी कार्यालयीन काम आहे त्याचा वारंवारचा किंवा भपकेबाज पाहुणचार टाळावा असंही लगेच पुढे लिहिलं आहे.

आणि मर्यादेच्या आतली भेट म्हणजे वर्तणूक नियमाखाली परवानगी घ्यावी लागत नाही, एवढंच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात अशी मर्यादा कुठेच नाही.

गिट्टीमुरूम

मी देणाऱ्याच्या बाजूचा माणूस आहे, तर आमचंही ऐका. दिवाळीला यादी बनते. त्यात बँकेचा मॅनेजर, सिमेंटचा डीलर, ट्रान्सपोर्टवाला, सीए आणि कार्यालयातले लोक असतात. इतवारीतून एकाच प्रकारचे डबे एकदम घेतले जातात, बिल फर्मच्या नावाने, जीएसटीसकट, सगळं पांढऱ्यात. लपवून काही नाही. सगळ्यांना सारखंच जातं. मग त्यातला एकच डबा लाच आणि बाकी भेट, हे कसं? परंपरा आहे बावा, नाही पाठवलं तर "या वर्षी विसरले काय" असं विचारणारेही आहेत.

मोजमाप

गिट्टीमुरूम भाऊ, डबा सारखा असेल, पण घेणाऱ्याच्या हातात काय आहे ते सारखं नाही. सिमेंटच्या डीलरने तुमचा डबा घेतला तर सरकारी पैशाचं काही होत नाही. इथे काय होऊ शकतं ते आकड्यात सांगतो, कारण या केसमधली खरी गोष्ट त्या खडकात आहे.

समजा नाली ४०० मीटर लांब, खोदाईची रुंदी १.२ मीटर. खडक सरासरी अर्धा मीटर खोलीचा लागला तर २४० घनमीटर होतो. तोच ०.८ मीटर लिहिला तर ३८४. फरक १४४ घनमीटरचा. मुरूम आणि कठीण खडक यांच्या खोदाईच्या दरात समजा घनमीटरमागे सहाशे रुपयांचा फरक आहे, तर नुसत्या तीस सेंटीमीटरच्या नोंदीने ८६,४०० रुपये इकडचे तिकडे होतात. आणि नाली बांधून काँक्रीट झाल्यावर तो खडक कुणालाच दिसत नाही. खोदल्यावर लेव्हल घेतल्या होत्या का, थर बदलला तिथे फोटो काढले का, निघालेल्या दगडाचे चट्टे लावून पोकळी वजा करून ताळा घेतला का, उपअभियंत्याने बुजवण्याआधी तपासणी केली का, यावरच सगळं उभं राहतं. हे नसेल तर पुस्तिकेतला आकडा म्हणजे त्या अभियंत्याचा शब्द.

म्हणून नाण्याच्या किमतीवरून निष्कर्ष काढू नका. ज्याच्या एका नोंदीवर पाऊण-एक लाख हलतात आणि ती नोंद नंतर तपासता येत नाही, त्याच्या घरी नोंदीच्या आदल्या आठवड्यात चांदी येते, हे बघा. सहा महिन्यांपूर्वी बिल निघून, अनामतही परत होऊन, काही बाकी नसताना तोच डबा आला असता तर नियमभंगाचा प्रश्न राहिला असता, पण संशयाचं वजन इतकं नसतं.

माझी एक कसोटी आहे, ती वापरून बघा. या अभियंत्याची बदली गडचिरोलीला झाली तर पुढच्या दिवाळीला तुमचा डबा तिकडे जाईल, की रवीनगरच्याच क्वार्टरवर नव्या माणसाकडे? तुमच्या यादीत व्यक्तीचं नाव आहे की पदनाम?

गिट्टीमुरूम

यादीत पदनाम असतं. हे कबूल आहे.

काटोलकर गुरुजी

माझाही असाच प्रश्न आहे. आमच्या केंद्रातले एक मुख्याध्यापक निवृत्त होत आहेत. सर्व शिक्षकांनी वर्गणी काढून त्यांना अंगठी द्यायचं ठरवलं आहे. ही पण लाच होते का? काही जण म्हणतात पाच हजारांच्या वर गेलं की परवानगी लागते.

लेखाशीर्ष

गुरुजी, तुमचा विषय वेगळा आहे. निरोप समारंभ खाजगी आणि घरगुती स्वरूपाचा असेल तर नियम त्याला आडवे येत नाहीत. वर्गणीची सक्ती नको आणि ज्यांची बिलं किंवा बदल्या त्यांच्या सहीसाठी अडकल्या आहेत त्यांच्याकडून काही घेऊ नका. अंगठीपेक्षा शाल-श्रीफळ ठेवा, ते नेहमीच बरं. अधिक विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथे ठेकेदाराचं चाललं आहे.

ॲड. सदर

"मागणी नाही म्हणजे लाच नाही" हे फार पसरलेलं आणि घातक अर्धसत्य आहे, म्हणून त्यावर लिहितो.

मागणी सिद्ध करावी लागते हे खरं, पण ते अशा केसेससाठी, जिथे फिर्यादी म्हणतो की अधिकाऱ्याने मागितले. नीरज दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये दुसरी बाजूही स्वच्छ केली: देणाऱ्याने आपणहून देऊ केलं आणि लोकसेवकाने ते नुसतं स्वीकारलं तरी ती भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ खालची स्वीकृती होते, आधी मागणी असावीच लागत नाही. निकाल जुन्या कलमावर आहे. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतरच्या कलमातही "मिळवणे" आणि "स्वीकारणे" हे दोन्ही शब्द आहेतच. काम नियमानुसारच केलं हाही पूर्ण बचाव नाही. नुसतं स्वीकारणंच गुन्हा ठरू शकतं, काम वाकडं झालं नाही तरी, असं स्पष्टीकरण कलमालाच जोडलं आहे.

त्याहून दिवाळीच्या डब्याला जवळचं आहे कलम ११, ज्याची चर्चा कुणी करत नाही. आपल्या कामकाजाशी ज्याचा संबंध आहे, होता किंवा येण्याची शक्यता आहे अशा माणसाकडून मोबदला न देता किंवा अपुरा मोबदला देऊन काही लाभ घेणं, यावरच ते बेतलेलं आहे. इथे "या कामासाठी हे दिलं" अशी सांगड घालून दाखवावी लागत नाही. माणूस कोण, त्याचं काम तुमच्याकडे आहे का, आणि वस्तू फुकट घेतली का, हे तीन प्रश्न पुरतात. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. कलम ७ ची तीन ते सात वर्षं. "बिल निघाल्यावर घेतलं, आधी नाही" हेही इथे टिकत नाही, कारण संबंध "होता" हेसुद्धा कलमात आहे.

एक बदल अभियंत्यांनी जरूर लक्षात ठेवावा. जुन्या कलम २० मध्ये, लाभ अगदीच क्षुल्लक असेल तर भ्रष्टाचाराचं गृहीतक धरायचं नाही अशी मुभा न्यायालयाला होती. २०१८ च्या दुरुस्तीत ती गेली. घेतल्याचं सिद्ध झालं की गृहीतक तुमच्या विरुद्ध, आणि ते खोडण्याची जबाबदारी तुमची. मिठाईच्या पुड्यावर कुणी खटला भरेल असं मला वाटत नाही, पण "एवढंसंच तर होतं" हा कायद्याने दिलेला आधार आता उरलेला नाही.

अजनीवाला

मागणीचं मला असं माहीत नव्हतं. पण मग तुमच्या हिशेबाने ऑफिसात सगळ्यांसाठी आलेला संत्रा बर्फीचा पुडाही गुन्हाच. असं तर कुणीच वाचणार नाही.

ॲड. सदर

कायद्याचा शब्द आणि प्रत्यक्ष कारवाई यांत अंतर आहे, ते मी नाकारत नाही. सर्वांसमोर उघडलेला, टेबलावर ठेवलेला, येणाऱ्या-जाणाऱ्यानेही उचललेला पुडा आणि घरी गेलेलं नाणं यांत लपवाछपवी, व्यक्तिगत लाभ आणि टिकाऊ किंमत या तिन्हींचा फरक आहे. तरी ज्या शाखेत त्या ठेकेदाराचं बिल चालू आहे तिथे पुडाही परत करावा, असं माझं मत.

मोजमाप

इथे माझं मत वेगळं आहे. बर्फीचा पुडा परत पाठवून कार्यालयात तमाशा होतो आणि नाण्याचा विषय त्यात हरवतो. पुडा चहाच्या टेबलावर, बाकी काहीही दारातूनच परत, हे जास्त पाळलं जातं. असो.

वैदर्भीताई, आता काय करायचं ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

डबा आत्ता आहे तसा ठेवून फोटो घ्या: शुभेच्छापत्र, ट्रे, नाणं, नाण्यावरचं वजन आणि शुद्धतेची खूण, फुटलेलं पाकीट. कुणी, कधी, कुणाच्या हातात दिला ते त्याच दिवशी लिहून ठेवा. काजू फुटले आहेत ते लपवायचं नाही. "अर्धा किलोपैकी इतके वापरले गेले" असं पत्रातच लिहायचं आणि त्याच प्रकारचं तेवढं पाकीट विकत घेऊन सोबत परत करायचं, पावती जोडून. ही कबुली त्रासदायक वाटते, पण नंतर ठेकेदाराने "सगळं ठेवून घेतलं" म्हटलं तर हीच उपयोगी पडते.

परत करताना स्वतः ठेकेदाराच्या घरी किंवा साईटवर जाऊ नका. दोघांचीच भेट झाली की काय बोलणं झालं याचा साक्षीदार उरत नाही. पत्र कार्यालयाच्या जावक क्रमांकाने, फर्मच्या निविदेत दिलेल्या पत्त्यावर, शिपायासोबत एक लिपिक देऊन, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि तारीख घेऊन. पत्र दोन-तीन वाक्यांचं पुरे:

"आपल्या फर्मतर्फे दि. … रोजी माझ्या निवासस्थानी माझ्या अनुपस्थितीत देण्यात आलेली खालील वस्तू मी स्वीकारलेली नसून परत करीत आहे. आपल्या फर्मचे काम या शाखेकडे प्रगतीपथावर आहे. यापुढे अशी कोणतीही वस्तू माझ्या निवासस्थानी अथवा कार्यालयात पाठवू नये."

खाली यादी, आणि प्रत उपअभियंता व कार्यकारी अभियंता यांना. ही प्रत त्याच दिवशी आवक होऊ द्या. चार दिवसांनी कळवलं की "तक्रार होणार हे कळल्यावर परत केलं" असं म्हणायला जागा राहते. दिवाळीच्या सुट्या आड येत असतील तर वरिष्ठांना त्याच रात्री ईमेल करा, म्हणजे वेळ नोंदली जाते, आणि पत्र पहिल्या कामाच्या दिवशी.

लेखाशीर्ष

याला एक जोड. पुस्तिकेचं काम त्यानंतर कसं करायचं तेही आत्ताच ठरवा. डबा परत केल्यावर काही जण ताठ होतात आणि बिल बाजूला ठेवतात. मग ठेकेदार "पैसे हवे होते, डबा कमी पडला" अशी तक्रार घेऊन जातो, आणि रखडलेलं बिल ती तक्रार खरी वाटायला लावतं. बिल नेहमीच्या मुदतीतच पुढे जाऊ द्या. खडकाचं मोजमाप मात्र उपअभियंत्यासोबत संयुक्त करा, लेव्हल बुक आणि फोटो जोडा, आणि दोघांच्या सह्या त्याच पानावर. वाटल्यास अभियंत्याने लेखी विनंती करावी की या एका बाबीचं मोजमाप दुसऱ्या शाखेकडून घ्यावं. कार्यकारी अभियंता मान्य करेल न करेल, पण विनंती फाइलवर राहते.

आणि लाचलुचपत खात्यापर्यंत गेलं नाही म्हणून सुटलो असं समजू नये. विभागीय चौकशीत पुरावा फौजदारी खटल्याइतका कडक लागत नाही. संभाव्यतेचा काटा कुठे झुकतो एवढंच बघतात. कोर्टात निर्दोष आणि चौकशीत वेतनवाढ बंद, असं होऊ शकतं.

गिट्टीमुरूम

आमच्यावर काय होतं? आम्ही तर प्रेमाने दिलं.

ॲड. सदर

तुमच्यावर कलम ८. लोकसेवकाने काम वाकडं करावं म्हणून किंवा केल्याचं बक्षीस म्हणून लाभ देणं, नुसतं देऊ करणंसुद्धा, गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. तुमच्याकडे कुणी खरोखर जबरदस्तीने मागत असेल तर तुम्हाला संरक्षण आहे, पण दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच. आधी कळवून, त्यांच्या सांगण्यावरून दिलं तर गुन्हाच होत नाही. सापळा याच आधारावर चालतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४.

फर्मच्या बाबतीत कलम ९ वेगळं आहे. कर्मचाऱ्याने फर्मच्या फायद्यासाठी दिलं तर फर्मलाही दंड होऊ शकतो. "सगळं पांढऱ्यात" म्हणालात, तर तेच उलटतं. पदनामांची यादी आणि "दिवाळी खर्च" या खात्यातली नोंद आयकराच्या सर्व्हेमध्ये सापडली तर तो तुमच्याच हस्ताक्षरातला पुरावा. शिवाय कायद्याने मना असलेल्या गोष्टीवरचा खर्च आयकरात वजा मिळत नाही.

गिट्टीमुरूम

मग कॅलेंडर आणि डायरी? फर्मचं नाव छापलेली, कार्यालयात सगळ्यांना वाटलेली?

लेखाशीर्ष

कॅलेंडरला कुणी हरकत घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. डायरीत गिफ्ट कार्ड ठेवलं नाही, एवढं सांभाळा. हे लिहावं लागतं, कारण तसं होतं.

वैदर्भी

खूप उपयोगी झालं. दोन गोष्टी राहिल्या. ठेकेदाराने डबा परत घ्यायला नकार दिला तर? आणि डब्यात नाण्याऐवजी रोख पाकीट असतं तर?

मोजमाप

नकार दिला तर लिपिकाने तिथेच "घेण्यास नकार" असं पत्राच्या प्रतीवर लिहून शिपायाची सही घ्यायची. मग पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह. ते "नाकारले" शेरा घेऊन परत आलं तर लिफाफा फोडू नका, तसाच फाइलला लावा. नाणं कार्यकारी अभियंत्याकडे दोन कर्मचाऱ्यांसमोर यादी करून द्या आणि पुढील आदेश लेखी मागा. अनाथाश्रमाला देऊन टाकणं, देवळाच्या पेटीत घालणं हे करू नका. त्याने आधी घेतलं होतं ही गोष्ट पुसली जात नाही, वस्तू मात्र हातची जाते.

ॲड. सदर

रोख असेल तर मोजू नका, हात लावू नका, परतही पाठवू नका. वरिष्ठांना फोन आणि १०६४. नोटांवर किंवा पाकिटावर सापळ्यात लावतात ती पावडर असू शकते, आणि मग सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात हात बुडवल्यावर गुलाबी रंग आला तर "परत करायला उचललं होतं" हे सांगत बसावं लागतं. आधीच फोन केलेला असेल तर तीच गोष्ट नोंदीवर असते. अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून देणाऱ्यावरही कारवाई होते.

नाण्याच्या बाबतीतही लाचलुचपत विभागाला कळवावं, असं मी म्हणेन.

मोजमाप

नाण्यासाठी लगेच विभागाकडे जाणं मला पटत नाही. पहिलीच वेळ आहे, मागणी-इशारा काही नाही, परत करून लेखी कळवलं की कर्तव्य झालं. पुढच्या वेळी पुन्हा पाठवलं, किंवा खडकाच्या आकड्याबद्दल फोन आला, तर मग थेट तक्रार.

ॲड. सदर

पुढच्या वेळेची वाट का बघायची? देऊ करणं हा पहिल्यांदाच पूर्ण झालेला गुन्हा असू शकतो.

मोजमाप

हेतू काय होता हे एका शुभेच्छापत्रावरून कसं ठरवणार? तेवढ्यावर तक्रार केली तर ती टिकणार नाही, आणि फायनल बिल वर्षभर अडकेल.

वैदर्भी

हा मुद्दा उपअभियंत्यांसमोर ठेवते, निर्णय त्यांनी घ्यावा. डबा आज टेबलावर आहे, फोटो झाले, काजूचं पाकीट आणायला माणूस गेला आहे. सोमवारी कार्यालय उघडताच जावक क्रमांक घेते. रवीनगरच्या सगळ्या क्वार्टरमध्ये घरच्यांना आणि चौकीदाराला सांगायची एक सूचनाही काढते आहे: अभियंता घरी नसताना कोणत्याही फर्मचा डबा, पाकीट, कुरिअर घेऊ नये, आणणाऱ्याचं नाव आणि गाडीचा नंबर लिहून परत पाठवावं. मसुदा इथे टाकते, दुरुस्त्या सुचवा.